अंगठा जुळला नाही: एका अंत्योदय कार्डाचं प्रकरण

हे प्रकरण 2024 सालातलं. तालुक्याच्या गावी मोफत कायदेविषयक मदत देणाऱ्या आमच्या छोट्या गटाकडे ते आलं. गाव, दुकान, कचेरी आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. ज्या बाईंचं हे प्रकरण आहे त्यांना सगळे आजी म्हणतात, इथेही तेच म्हणतो.

कल्याणकारी योजनांसाठी सरकारनं लोकांच्या बोटांचे ठसे घ्यावेत का, हा प्रश्न बहुतेकदा दिल्लीतल्या निकालांच्या अंगानं मांडला जातो. तो रेशन दुकानाच्या काउंटरवर उभं राहून पाहिला तर वेगळा दिसतो, असं या प्रकरणानंतर मला वाटू लागलं.

पार्श्वभूमी

आजींचं वय 71. उभा जन्म निंदणी-खुरपणी, कापूस वेचणी आणि चार घरची धुणीभांडी यांत गेला. घरात त्या आणि नऊ वर्षांचा नातू, एवढेच. मुलगा वारला, सून दुसरीकडे गेली. पिवळं अंत्योदय कार्ड आहे. अंत्योदयाला माणशी हिशोब नसतो, कार्डामागे महिन्याला 35 किलो धान्य मिळतं. जानेवारी 2023 पासून तेही फुकट. घरातलं बहुतेक अन्न या पस्तीस किलोंतूनच यायचं.

देशातलं पहिलं आधार 29 सप्टेंबर 2010 ला आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. आजींचं निघालं 2012 मध्ये, शाळेत शिबिर लागलं तेव्हा. त्या वेळी त्या 59 वर्षांच्या होत्या. पुढची बारा वर्षं हात मातीत आणि साबणात होते, पण यंत्रणेच्या लेखी त्यांची बोटं 2012 मध्येच थांबलेली होती. सोबत नोंदवलेला मोबाइल मुलाचा होता, आणि तो नंबर त्याच्यामागे बंद पडला.

नातवाचं आधार तो चार वर्षांचा असताना काढलेलं. पाच वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत, नुसता फोटो घेतात. मूल पाच वर्षांचं झालं की ठसे आणि डोळ्यांची नोंद करून घ्यायची असते. ती राहून गेली होती. ती करायची असते हे आजींना कुणी सांगितलंच नव्हतं.

अडचण

जूनमध्ये आजी दुकानात गेल्या आणि पॉस मशीननं अंगठा नाकारला. दुकानदारानं हात पुसायला लावले, तेल लावून पाहिलं, दुसरी बोटं ठेवून पाहिली. त्यानं मुद्दाम अडवलं असं मला वाटत नाही. तो आजींना वीस वर्षं ओळखतो. "आजी, मी तुम्हाला ओळखतो, पण मशीन ओळखत नाही, मी काय करू," हे त्याचं वाक्य आजींनी आम्हाला जसंच्या तसं सांगितलं. कार्डावरच्या कोणाही एकाचा अंगठा चालतो, म्हणून नातवाला शाळेतून बोलावलं. त्याचाही जुळला नाही. ओटीपीचा मार्ग होता, पण तो बंद नंबरावर जाणार. डोळ्याचा स्कॅनर त्या दुकानात नव्हता.

जुलैत तेच, ऑगस्टमध्ये तेच. तीन महिन्यांचं 105 किलो धान्य बुडालं. आजी आमच्याकडे आल्या त्या सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, शेजारच्या ताईंना घेऊन. हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेलं कार्ड होतं आणि मशीननं काढलेल्या दोन चिठ्ठ्या.

त्या चिठ्ठ्यांवरच निम्मं उत्तर होतं. आजींच्या प्रयत्नापुढे `300` हा कोड होता आणि नातवाच्या पुढे `811`. पहिल्याचा अर्थ, दिलेला ठसा साठवलेल्या ठशाशी जुळला नाही. दुसऱ्याचा अर्थ, जुळवायला ठसाच साठवलेला नाही. दोघांच्या अडचणी मुळातच वेगळ्या. नातवानं शंभर वेळा अंगठा ठेवला असता तरी तो जुळला नसता, कारण पलीकडे काहीच नव्हतं. दुकानदाराला दोन्ही सारखेच दिसत होते, लाल अक्षरं आणि टूं टूं आवाज. अशी चिठ्ठी हाती आली तर आधी हा आकडा वाचा, बाकी नंतर.

यात एक गोष्ट अशी घडली की ती आजींना अडचण वाटलीच नव्हती. मदत मिळावी म्हणून दुकानदाराच्या मुलानं दोघांच्या आधार कार्डांचे फोटो काढून दुकानदारांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकले, "कुणाला काही माहीत आहे का" असं विचारत. त्या ग्रुपवर किती जण होते ते आम्हाला कळलं नाही. आधार कायद्याच्या कलम 29 नुसार आधार क्रमांक असा चारचौघांत मांडता येत नाही. पण ज्याच्या घरात तीन महिने धान्य नाही, तो कुणी फोटो मागितला तर नाही म्हणत नाही.

कायदा कुठवर जातो

पर्यायांकडे जाण्याआधी कायद्याची स्थिती सांगायला हवी, कारण आमचा पहिला वाद आमच्याच टेबलावर त्यावरून झाला.

2015 मध्ये सुप्रीम कोर्टात आधारची सुनावणी चालू असताना सरकारनं भूमिका घेतली की खासगीपणा हा मूलभूत हक्कच नाही. त्यासाठी 1954 आणि 1962 चे दोन जुने निकाल पुढे केले. हा मुद्दा नऊ न्यायाधीशांपुढे गेला, आणि 24 ऑगस्ट 2017 ला पुट्टस्वामी प्रकरणात सर्वांनी एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तो अमर्याद मात्र नाही. सरकारला त्यात हात घालायचा तर त्यासाठी कायदा हवा, उद्देश रास्त हवा, आणि हस्तक्षेप उद्देशाच्या मानानं प्रमाणात हवा.

26 सप्टेंबर 2018 ला पाच न्यायाधीशांनी हीच फूटपट्टी आधार कायद्याला लावली. चार विरुद्ध एक मतानं कलम 7 टिकलं, म्हणजे सरकारी तिजोरीतून मिळणाऱ्या लाभांसाठी आधार मागता येतं. बँक खातं आणि सिमकार्ड यांची सक्ती गेली, खासगी कंपन्यांची वाट बंद झाली, आणि ठसे पडताळल्याच्या नोंदी पाच वर्षं ठेवण्याची तरतूद काढून सहा महिन्यांवर आणली गेली. म्हणजे सुरुवातीला मांडलेला प्रश्न कायद्यापुरता विचारला तर उत्तर आहे, होय, खासगीपणाचा हक्क असूनही सरकार धान्यासाठी ठसे घेऊ शकतं.

पण हे उत्तर एका आश्वासनावर उभं आहे. अंगठा जुळला नाही म्हणून कुणाला लाभ नाकारला जाणार नाही, असं सरकारनं कोर्टाला सांगितलं होतं. बहुमतानं ते धरलं, आणि वगळले जाणारे लोक हा दुरुस्त करण्याचा दोष आहे, त्यासाठी सगळी योजना मोडायला नको, असा सूर लावला. न्या. चंद्रचूड यांनी वेगळं मत दिलं. ठशाची पद्धत नेमकी म्हातारे, कष्टकरी, आजारी अशांनाच बाहेर ठेवत असेल तर ती प्रमाणाच्या कसोटीवरच नापास होते, असा त्यांचा रोख होता. सरकारच्याच 2016-17 च्या आर्थिक पाहणीत झारखंडमध्ये 49 टक्के आणि राजस्थानात 37 टक्के पडताळण्या फसल्याचे अंदाज दिले होते.

माझं मत इथे सांगून टाकतो. ठसे घेण्याची परवानगी देण्यात बहुमत चुकलं असं मी म्हणणार नाही. वगळलं जाणं हा कारभारातला दोष मानून तो मोजमापाबाहेर ठेवला, ही मात्र चूक वाटते. ठसा देऊन माणूस खासगीपणाचा एक तुकडा देतो आणि बदल्यात त्याला धान्य मिळतं, हा सौदा आहे. धान्यच मिळालं नाही तर तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय उरलं?

आमच्या कामाचं एक बारीक कलम मात्र तेव्हा आमच्या लक्षात आलं नाही, ते शेवटी सांगतो. कलम 7 मधली सूट नीट वाचली तर ती ज्याला आधार क्रमांकच मिळालेला नाही त्याच्यासाठी आहे. त्याला ओळखीचा दुसरा चालण्याजोगा मार्ग द्यावा, असं कायदा म्हणतो. ज्याच्याकडे क्रमांक आहे पण बोट जुळत नाही, त्याच्याबद्दल त्या वाक्यात काही नाही. त्याचा बंदोबस्त परिपत्रकांत आणि विनियमांत आहे. त्यातलं सर्वांत उपयोगी म्हणजे केंद्रीय मंत्रिमंडळ सचिवालयाचं 19 डिसेंबर 2017 चं परिपत्रक. बोट जुळलं नाही तर डोळे, ओटीपी वगैरे पाहा, आणि तेही जमलं नाही तर आधार कार्ड पाहून, रजिस्टरमध्ये नोंद करून लाभ द्या, आणि त्या नोंदी वेळोवेळी तपासा, असा त्याचा आशय आहे. आजींचा हक्क कायद्यात नसून परिपत्रकात होता. परिपत्रक दुकानापर्यंत पोचतं तेव्हा त्याचा कागद बराच पातळ झालेला असतो.

कोणते पर्याय होते

पहिला, आधी आधार केंद्रावर ठसे नव्यानं नोंदवायचे आणि ते झाले की धान्य. तहसीलच्या पुरवठा शाखेनं आजींना तोंडी हेच सांगितलं होतं. यात दोन गोच्या होत्या. अद्ययावत व्हायला किती आठवडे जातील ते कुणी सांगेना, आणि तोवर खायचं काय, याचं उत्तर नव्हतं.

दुसरा, नॉमिनी. म्हणजे आजींच्या वतीनं शेजारच्या ताईंचा अंगठा. लवकर होण्यासारखं होतं आणि ताई तयार होत्या. पण आजींनीच मान हलवली. "आज ती बरी आहे रे, उद्या भांडण झालं तर?" आम्ही जे कलमांत शोधत होतो ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. स्वतःच्या ओळखीवर मिळणारं धान्य दुसऱ्याच्या बोटावर टांगायचं, आणि त्यासाठी तिसऱ्या माणसाची ओळखही यंत्रणेत ओढायची.

तिसरा, चेहरा. पुरवठा शाखेतल्या एका कारकुनानं सुचवलं की आता मोबाइलवर चेहरा स्कॅन करून केवायसी होते, तो मार्ग पाहा. आमच्यातल्या दोघांना तो सोपा वाटला. बोटं झिजतात, चेहरा तर आहेच. मी अडून बसलो, आणि याचं कारण थोडं तांत्रिक आहे. कायद्यात बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद यांना गाभ्याची जैविक माहिती म्हटलं आहे, आणि ती कोणत्याही कारणासाठी कुणालाही द्यायची नाही असा सरसकट मनाई हुकूम आहे. चेहऱ्याचा फोटो जैविक माहितीत येतो, पण त्या गाभ्यात येत नाही. त्याला तितकं जाड कुलूप नाही. बोट जुळत नाही म्हणून चेहरा द्या, म्हणजे यंत्राच्या चुकीची भरपाई माणसानं आणखी माहिती देऊन करायची, तीही कमी संरक्षण असलेली. मी अडलो ते बरोबर की चूक, याकडे पुढे येतो.

चौथा, हायकोर्टात रिट. आमच्यातले एक तरुण वकील यासाठी उत्सुक होते, कसोटीचं प्रकरण होईल म्हणून. आजींना विचारलं तर त्यांनी किती दिवस लागतील एवढंच विचारलं. वकिलांनी खरं सांगितलं, आणि पर्याय तिथंच मिटला.

पाचवा, 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार. त्यात दोन मागण्या करायच्या, चालू महिन्याचं धान्य रजिस्टरवर द्यावं आणि मागच्या तीन महिन्यांसाठी कलम 8 चा अन्न सुरक्षा भत्ता, म्हणजे बुडालेल्या धान्याऐवजी पैसे, द्यावा. हे आम्ही निवडलं, आणि सोबत ठशांची नव्यानं नोंदही लावून दिली. दोन्ही एकदम, एकासाठी दुसरं थांबवायचं नाही.

काय केलं

आधी दुकानदाराकडे गेलो, कारण त्याला विरोधी पक्ष करून चालणार नव्हतं. रजिस्टर मागितलं तर त्याच्याकडे ते नव्हतंच. पण त्यानं जे सांगितलं ते मला कुठल्याही परिपत्रकात सापडलं नव्हतं. मशीनच्या हिशोबात 35 किलो शिल्लक दिसणार, आणि त्यानं ते वहीवर देऊन टाकलं तर गोण्यांत ते नसणार. तपासणीला आलेला पुरवठा निरीक्षक वही बघत नाही, मशीन आणि गोणी बघतो. फरक निघाला की काळाबाजाराचा ठपका दुकानदारावर. "दादा, मी पुण्य करायला गेलो तर परवाना जाईल," तो म्हणाला. नियमाची सूट आहे, पण सूट वापरणाऱ्याला वाचवणारी नोंद यंत्रात नाही, अशी ही गाठ होती. म्हणून तक्रारीत एक ओळ वाढवली, की रजिस्टरवर दिलेलं धान्य तहसील कार्यालयानं मशीनच्या साठ्यातून वजा करून द्यावं. पुढे सगळं काम त्याच ओळीनं केलं.

जाता जाता, त्याच दुकानात एक उलट गोष्टही पाहिली. एका माणसाचा अंगठा पहिल्या झटक्यात जुळला, मशीननं पावती काढली, आणि काट्यावर माल पावतीपेक्षा दोनेक किलो कमी भरला. तो माणूस काही बोलला नाही. अंगठा एवढंच सांगतो की माणूस तोच आहे. माप किती, हे तो सांगत नाही. खोट्या नावावरची चोरी ठशानं थांबू शकते, मापातली थांबत नाही. ठसे खरंच गरजेचे आहेत का हे तोलताना आपण कोणती चोरी थांबवतो आहोत, हे आधी ठरवावं लागतं.

तक्रार सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दिली. जोडपत्रांत मशीनच्या चिठ्ठ्या, कार्डाची प्रत, 2017 चं परिपत्रक, आणि आजींच्या दोन्ही तळव्यांचा एक मोठा फोटो. तो फोटो लावावा का यावर आम्ही पाऊण तास घातला. खासगीपणाच्या तक्रारीला शरीराचाच फोटो जोडायचा, हे विचित्र वाटत होतं. आजी म्हणाल्या, "लाव. हात लपवायला मी काय चोरी केली?" बोटांचे ठसे वाचता येणार नाहीत इतका तो आम्ही धूसर करून घेतला.

आधार केंद्रावर आजींची दहा बोटं आणि दोन्ही डोळे घेतले. एका डोळ्यात मोतीबिंदू होता, तरी नोंद झाली. नवा मोबाइल नंबर घातला, तो ताईंचा नाही, आजींचा स्वतःचा. साधा बटणांचा फोन आणि नवं सिम, साडेआठशे रुपयांत, आमच्या वर्गणीतून. सगळ्यात उपयोगी पडलेला खर्च हाच.

नातवाचं काय करायचं, हा त्या दिवसाचा सर्वांत अवघड निर्णय होता. त्याचे ठसे दिले की अडचण जवळजवळ सुटणार होती, कारण मुलाची बोटं कोवळी, त्यांच्या रेषा स्वच्छ. म्हणजे म्हातारीला खायला मिळावं म्हणून नऊ वर्षांच्या पोराची दहा बोटं आणि दोन डोळे सरकारी साठ्यात जायचे. 2019 च्या दुरुस्तीनंतर मुलांच्या नोंदीला पालकाची संमती लागते, आणि अठरा पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांत त्याला आधार रद्द करून मागता येतं. पण संमती देणाऱ्या आजी, आणि त्यांचं पोट रिकामं. या संमतीला स्वेच्छेची म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तरी आम्ही तेच केलं. पोराला त्या यंत्राच्या हिरव्या दिव्याची गंमत वाटली.

निष्पत्ती

सुनावणी सप्टेंबरच्या अखेरीस झाली. अधिकाऱ्यांनी परिपत्रक वाचलं, दुकानदाराचं म्हणणं ऐकलं, आणि तोंडीच पुरवठा निरीक्षकाला सांगितलं की रजिस्टर आजच सुरू करा. लेखी आदेश तीन दिवसांनी आला. सप्टेंबरचं 35 किलो धान्य दोन साक्षीदारांच्या सह्यांनी मिळालं आणि तेवढा साठा मशीनमधून वजा झाला. शंभर पानी वहीच्या पहिल्या पानावर पट्टीनं रेघा मारून रकाने पाडले होते, आणि पहिल्या ओळीत आजींचं नाव. सहीच्या रकान्यात त्यांनी शाईचा अंगठा उठवला. तो शाईत स्पष्ट उमटला.

मागच्या तीन महिन्यांचा भत्ता नाकारला गेला. कारण असं दिलं, की लाभार्थी त्या महिन्यांत दुकानात आल्याचा पुरावा नाही. आमच्याकडे दोनच चिठ्ठ्या होत्या, दोन्ही ऑगस्टच्या.

ऑक्टोबरच्या शेवटी नवे ठसे लागू झाले. आजींचं डाव्या हाताचं मधलं बोट जुळतं, बाकी अजूनही धरसोड करतात. नातवाचा अंगठा पहिल्या वेळीच लागतो. मोबाइल जोडला गेल्यामुळे आता आधारच्या संकेतस्थळावर ओटीपी टाकून पडताळणीचा इतिहास काढता आला. त्यात जूनचे नऊ, जुलैचे अकरा आणि ऑगस्टचे सहा फसलेले प्रयत्न तारीख-वेळेसह होते. आजी दुकानात आल्या होत्या याचा याहून पक्का पुरावा कोणता? पण हा इतिहास सहा महिन्यांचाच दिसतो. 2018 च्या निकालानं लोकांच्या खासगीपणासाठी जी मुदत आखडली, तीच इथे आमच्या मुळावर येणार होती. आम्ही नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात छापून घेतलं. पाच आठवडे उशीर झाला असता तर जून पुसला गेला असता. मुदत वाढवावी असं मी म्हणणार नाही. नागरिकाला स्वतःची नोंद वेळेत हातात मिळावी, एवढंच म्हणेन.

त्या पुराव्यासह राज्य अन्न आयोगाकडे अपील केलं.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली चूक माझी. 2019 च्या दुरुस्तीनं कायद्यात कलम 3अ आलं. त्यात स्पष्ट लिहिलं आहे की मुलाची पडताळणी फसली तरी त्याला कलम 7 चा लाभ नाकारता येणार नाही. हे परिपत्रक नव्हे, संसदेचा कायदा. कार्डावर नातू होता, आणि अंत्योदयाचं धान्य कार्डाला मिळतं. पहिल्याच दिवशी हे कलम तक्रारीच्या डोक्यावर घालायला हवं होतं. आम्ही आजींच्या बोटांमागे इतके लागलो होतो की पोराचा हक्क जास्त भक्कम आहे हे मला अपील लिहिताना दिसलं. ते आधी दिसलं असतं तर त्याचे ठसे देण्याची घाईही कदाचित टळली असती. ही गोष्ट मला अजून खुपते.

दुसरं, चेहऱ्याच्या पर्यायाला मी जो नकार रेटला तो आजींना न विचारता. कुलूप जाड की पातळ, हे मी ठरवलं. त्यांना दोन्ही बाजू सांगितल्या असत्या तर कदाचित त्यांनी चेहरा देऊन सप्टेंबर चार आठवडे आधी मोकळा केला असता. खासगीपणा त्यांचा, आणि त्याचा पहारेकरी मी झालो, हे काही बरं नव्हे.

तिसरं, व्हॉट्सअॅपच्या फोटोंचं आम्ही काहीच केलं नाही. दुकानदाराची साथ हवी होती म्हणून गप्प बसलो. त्याला फोटो पुसायला सांगितले, त्यानं पुसले म्हणाला. बाकीच्यांच्या फोनमध्ये ते असतील. 2019 पूर्वी अशी फिर्याद फक्त आधार प्राधिकरणालाच करता यायची, दुरुस्तीनंतर ज्याची माहिती फुटली त्यालाही करता येते. आम्ही आजींना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "जाऊ दे, पोरगं चांगल्या मनाचं आहे."

आणि एक गोष्ट जूनमध्येच व्हायला हवी होती, ती दुकानदारानं करायची. मशीननं नाकारल्याची प्रत्येक चिठ्ठी कार्डधारकाच्या हातात द्यायची. ती कचऱ्याच्या डब्यात जाते. तिच्यावर तारीख असते, वेळ असते, आणि तो तीन आकडी कोड.

सध्याची स्थिती

भत्त्याचं अपील प्रलंबित आहे. दर महिन्याच्या वाटपाला नातू अर्धी शाळा बुडवून आजींबरोबर जातो, कारण मधलं बोट कधी दगा देईल सांगता येत नाही.

डिसेंबरमध्ये आम्ही माहिती अधिकारात तालुक्याला विचारलं, की गेल्या वर्षभरात ठसा न जुळल्यामुळे किती कार्डांना रजिस्टरवर धान्य दिलं. महिन्यानं एका ओळीचं उत्तर आलं: सदर माहिती निरंक आहे. सोबत त्याच कचेरीचा शिक्का. आजींचं नाव ज्या वहीत पहिल्या ओळीत आहे ती वही तिथून दोन खोल्या पलीकडे, निरीक्षकाच्या कपाटात होती.